हो-नाही मिस्त्री आणि बोलण्याचा तिसरा भाग

लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस पन्नाशीला टेकला होता आणि त्याचं पाळण्यातलं नाव कंपनीच्या रजिस्टरात सोडलं तर कुठेच वापरात नव्हतं. सगळे त्याला हो-नाही मिस्त्री म्हणत. कारण सरळ आहे. त्याला काहीही विचारा, उत्तर एक तर 'हो' यायचं, नाही तर 'नाही'. फारच प्रेमात आला तर 'बरं'. लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगी पसंत आहे का?" तर म्हणाला, "हो." झालं! बावीस वर्षांचा संसार त्या एका अक्षरावर उभा राहिला, आणि छान उभा राहिला. आता बोला!

बायको अगदी उलट. ती बोलायला लागली की घड्याळानेही थांबून ऐकावं. दवाखान्यात परिचारिका होती, आणि दोन वर्षांपूर्वी तिला परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. लेक शिकायला तिच्याबरोबरच गेली. मिस्त्री मागे राहिला. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. ती तिकडची हवा, पेशंट, शेजारीण, शेजारणीचं मांजर असं सगळं सांगायची, आणि हा इकडून हुंकार भरायचा. ती म्हणायची, "अहो, मी फोनशी बोलतेय की भिंतीशी?" तो म्हणायचा, "फोनशी."

घरी मात्र तो दोन कप काढायचा आणि एक परत फडताळात ठेवायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी सांगतो. त्याला करमत नव्हतं. अजिबात नाही.

आणि मग तिकडच्या एका लिफ्ट कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. कामाची चाचणी त्याने डोळे मिटून पार केली. अट एकच राहिली, इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं या तिन्हींत तो आरामात सुटला, कारण मशीनची जाडजूड पुस्तकं त्याने आयुष्यभर इंग्रजीतच वाचली होती. घोडं अडलं ते बोलण्यात. बोलण्यात नऊपैकी सहा गुण हवे होते आणि याला मिळाले साडेपाच. पुन्हा बसला. पुन्हा साडेपाच. कंपनीने कळवलं, महिनाअखेरपर्यंत थांबू, पुढे दुसरा माणूस बघू. म्हणजे उरली एक परीक्षा.

आता पहिल्यांदा काय झालं ते ऐकाच. बोलण्याच्या परीक्षेचे तीन भाग असतात. पहिल्यात तुमच्याबद्दल साधे प्रश्न, घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात एक चिठ्ठी देतात, त्या विषयावर मिनिटभर विचार करून दोन मिनिटं एकट्याने बोलायचं. आणि तिसऱ्यात त्याच विषयाला धरून चार-पाच मिनिटं चर्चा. पण ही चर्चा तुमच्या घरची नसते, जगाची असते. माणसं अशी का वागतात, पूर्वी कसं होतं, पुढे काय होईल. पहिल्या भागात 'हो, आवडतं' म्हणून कसंबसं निभतं. दुसऱ्यात मिस्त्रीने लिफ्टवरच बोलून वेळ मारून नेली. तिसऱ्यात परीक्षकाने विचारलं, "हल्लीची मुलं पूर्वीपेक्षा वेगळं खेळतात का?"

"हो."

"कसं?"

"फोनवर."

"ते चांगलं की वाईट?"

"वाईट."

अशी फटाफट सात प्रश्नांची उत्तरं देऊन मिस्त्री छाती फुगवून बाहेर आला. बाकड्यावर बसलेल्यांना विचारलं, तुमचे किती झाले? कुणाचे चार, कुणाचे पाच. याला वाटलं, वा! आपण तर सगळ्यांच्या पुढे! लिफ्टच्या धंद्यात बिघाड जितक्या लवकर निकालात काढाल तितकं कौतुक. एका दिवसात सात तक्रारी मिटवणारा मिस्त्री म्हणजे वाघच. त्याला कुठे ठाऊक की परीक्षक बिचारा त्याला बोलतं करायला प्रश्नामागून प्रश्न फेकत होता आणि हा प्रत्येक प्रश्नाचं दार धाडकन लावून घेत होता.

त्यानंतर त्याने क्लास लावला. एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, केस आखूड, आवाज खणखणीत. त्यांनी समजावलं, "मिस्त्री, मत दिलं की कारण द्या. मग तुलना करा, पूर्वीशी, दुसऱ्या लोकांशी. आणि जगाबद्दल बोलताना सगळंच ठाम ठोकून देऊ नका. 'बहुधा', 'बऱ्याचदा', 'मला वाटतं' असं जरा सैल धरून बोला."

मिस्त्री आज्ञाधारक. त्याने वहीत सगळे 'बहुधा' उतरवून पाठ केले. आणि दुसऱ्या परीक्षेत, शिक्षकांनी कडक असावं का, या प्रश्नावर तो म्हणाला, "बहुधा हो, बहुधा नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. यावर अनेक मतं आहेत."

परीक्षकबाईंनी विचारलं, "कोणत्या परिस्थितीवर?"

ते वहीत नव्हतं.

क्लासात तर त्याने कहरच केला. बाईंनी सरावाला विचारलं, तुमचं लग्न झालंय का, तर म्हणाला, "बहुधा." शेजारी बसलेली तरुण दंतवैद्यीण, तीही याच परीक्षेला बसणारी, हसून हसून बाकावरून घसरली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, अहो जे पक्कं ठाऊक आहे त्याला कशाला बहुधा लावता?"

तेव्हा मात्र मिस्त्रीने आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण ठोकलं. "बाई, आमच्या धंद्यात बहुधा म्हणणाऱ्याला घरी पाठवतात. लिफ्ट बहुधा सुरक्षित आहे असं म्हटलं तर चढाल का तुम्ही? मला ठाऊक असेल तर मी सांगतो, नसेल तर गप्प बसतो. ठाऊक नसताना लांबण लावायची ही थापेबाजी मला जमत नाही."

बावीस दिवस राहिले होते, मग पंधरा, मग नऊ. मिस्त्री रोज कामावरून हात धुऊन क्लासला यायचा, 'हो' म्हणायचा, जीभ चावायचा, आणि 'कारण' म्हणून थांबायचा. फोनवर बायको म्हणाली, "अहो, जमेल हो तुम्हाला. मी आहे ना." तो म्हणाला, "तिकडे आहेस."

परीक्षेच्या चार दिवस आधी, सुट्टी होती म्हणून सकाळी भरलेल्या क्लासला सगळे चौथ्या मजल्यावर जमले आणि बाईंचा पत्ता नाही. इतक्यात लिफ्टच्या पोकळीतून खणखणीत हाक आली, "अहो, कोणी आहे का वर? मी अडकलेय!" जुनी लिफ्ट, हाताने ओढायची दारं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे थांबली होती.

मिस्त्री पुढे झाला. दाराच्या काचेतून खाली बघितलं, कान दिला. ही लिफ्ट त्याच्या कंपनीची नव्हती, आणि दुसऱ्याच्या मशीनला विनापरवाना हात लावणाऱ्यातला तो नव्हता. एकाला त्याने पहारेकऱ्याकडे मशीनरूमच्या किल्लीसाठी पिटाळलं आणि दंतवैद्यिणीला सांगितलं, प्रत्येक मजल्याचं दार नीट लागलंय का बघत खाली जा, पण उघडू नकोस, फक्त बघ.

आता गंमत अशी की क्लासाचा नियम होता, चौथ्या मजल्यावर पाऊल टाकलं की फक्त इंग्रजी. मोडेल त्याने फळा पुसायचा. आणि मिस्त्री म्हणजे नियमाचा पुतळा. बाई खालून आपल्या मराठीत ओरडतायत, "मिस्त्री, काढा हो मला बाहेर, जीव गुदमरतोय!" आणि हा वरून शांतपणे इंग्रजीत उत्तरं देतोय.

"दोर तुटणार नाही ना?" बाई.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "दोर एक नसतो, चार आहेत, आणि प्रत्येक दोर एकटा ही लिफ्ट पेलू शकतो. लिफ्ट सुटून खाली धावलीच तर रुळाला पकड बसते. हे मी पक्कं सांगतो."

"मग झालंय तरी काय?"

"बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. पण बहुधा कुठल्यातरी मजल्याचं दार असावं. कारण तुमचा दिवा चालू आहे, पंखाही फिरतोय, म्हणजे वीज गेलेली नाही. मोटर तापली असती तर ते बऱ्याचदा दुपारी होतं, दिवसभर ये-जा झाल्यावर. आता सकाळ आहे, तेव्हा तशी शक्यता कमी. या जुन्या लिफ्टांमध्ये दाराचं कुलूप झिजतं, आणि कुणी जाताजाता धक्का दिला की ते जरासं सुटतं, मग लिफ्ट स्वतःहून थांबते. नव्या लिफ्टांचं तसं नसतं. त्यांची दारं आपोआप लागतात म्हणून लोकांना वाटतं त्या अडकत नाहीत, पण त्या अडकतात, फक्त कारणं निराळी. मला विचाराल तर जुनी लिफ्ट जास्त वेळा थांबते, पण का थांबली ते लवकर सांगते. अर्थात हे माझ्या पाहण्यातलं, दुसरा मिस्त्री कदाचित वेगळं सांगेल."

मिस्त्रीने काचेतून खाली वाकून पाहिलं.

"बाई? बऱ्या आहात ना?"

"गप्प बसा!" बाई ओरडल्या. "म्हणजे गप्प बसू नका! अहो मिस्त्री, एका मिनिटाच्या वर झालं! घड्याळ लावून बघतेय मी! मत दिलंत, कारण दिलंत, तीन शक्यता तोलून दोन बाद केल्यात, नव्या-जुन्याची तुलना केलीत, आणि शेवटी 'माझ्या पाहण्यातलं' म्हणालात! अहो, हाच तर तिसरा भाग!"

इतक्यात पहिल्या मजल्यावरून दंतवैद्यिणीची हाक आली, दार बोटभर उघडं होतं. मिस्त्री खाली गेला, दार ओढून लावलं, कुलपाची जीभ खटकन बसल्याचं दोनदा तपासलं, कुणी पुन्हा उघडू नये म्हणून दंतवैद्यिणीला दाराशी उभं केलं आणि बाईंना चौथ्याचं बटण दाबायला सांगितलं. लिफ्ट निघाली. किल्ली घेऊन पहारेकरी आला तोवर मिस्त्रीने वहीचं पान फाडून 'लिफ्ट बंद' लिहून दारावर चिकटवलं होतं आणि देखभाल करणाऱ्यांना फोन लावायला सांगितलं होतं.

बाई बाहेर आल्या त्या घामाघूम, चष्मा वाकडा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्यांनाच कुणी साडेआठ गुण दिलेत. माणूस लिफ्टमधून सुटल्यावर पाणी मागतो. बाईंनी खडू मागितला.

"मिस्त्री, दोराबद्दल विचारलं तेव्हा बहुधा का नाही म्हणालात?"

"दोराबद्दल ठाऊक होतं."

"आणि दाराबद्दल?"

"अंदाज होता." तो थांबला. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे बहुधा म्हणजे थापा नव्हेत. आपली खात्री किती आहे, ते माप आहे."

"बघा!" बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर मापाचेच धनी. जगाबद्दलचा प्रश्न आला की समजा लिफ्ट अडकली आहे. अजून आत कुणी बघितलेलं नाही. काय झालं असेल, कशावरून, दुसरं काय असू शकतं, एवढंच बोला. तुमचं मत बरोबर की चूक याला तिथे गुण नसतात, कसं बोलता त्याला असतात. आणि आता फळा मी पुसते, नियम मीच मोडलाय."

पुढचे तीन दिवस मिस्त्रीने जगातल्या सगळ्या लिफ्टा अडकवल्या. शहरं का वाढतात? बहुधा कामामुळे, कारण अमुक. लोक पुस्तकं कमी वाचतात का? तसं दिसतं खरं, पण फोनवर वाचणाऱ्यांना मोजलं तर कदाचित नाही. कंपनीतले सहकारी घाबरले. एकाने विचारलं, चहा घेणार का, तर मिस्त्री म्हणाला, "साधारणपणे या वेळेला मी घेतो, पण सकाळपेक्षा आता उकाडा जास्त आहे, तेव्हा—" सहकारी चहा न देताच पळाला.

परीक्षेची खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, आवाज टिपणारं यंत्र. परीक्षक राखाडी स्वेटर घातलेले, चेहरा असा कोरा की त्यावर काहीच वाचता येऊ नये. चिठ्ठीवर होतं, कशाची तरी फार वेळ वाट पाहावी लागली, तो प्रसंग सांगा. मिस्त्रीने एका इस्पितळाच्या लिफ्टचा सुटा भाग यायला तीन आठवडे लागले ती हकीकत सांगितली. ती बरी गेली.

मग तिसरा भाग. "हल्लीची माणसं पूर्वीपेक्षा उतावळी झाली आहेत, असं वाटतं का?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं. मिस्त्रीने ते गिळलं. समजा लिफ्ट अडकलीय.

"मला वाटतं, बऱ्याच अंशी झाली आहेत," तो म्हणाला. "मी रोज बघतो, लिफ्टचं बटण एकदा दाबलेलं असतं, तरी लोक पाच-पाच वेळा दाबतात. पूर्वी इतकं दाबत नसत."

"ते तुमच्या कामातलं झालं. एकूण समाजाचं काय?"

पूर्वी असं कुणी अडवलं असतं तर मिस्त्री मिटून गेला असता. आता तो पुढे सरसावला. "एकूण बघितलं तर माणसाचा स्वभाव बदलला असेल असं नाही. सवय बदलली असावी. पूर्वी पत्राला पंधरा दिवस लागत, तेव्हा पंधरा दिवस थांबणं साधं वाटायचं. आता निरोप क्षणात जातो, म्हणून तासभर उत्तर आलं नाही तर जीव वरखाली होतो. पण हे सगळ्यांना लागू होईलच असं नाही. जिथे वाट का पाहावी लागतेय हे सांगितलं जातं, तिथे लोक आजही शांत असतात. लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे हे दिसलं तर तक्रारी कमी येतात, वेळ तेवढाच लागला तरी."

परीक्षकांची भुवई जराशी हलली. फार नाही, पण मिस्त्रीला बारीक हालचाली दिसतात, तोच त्याचा धंदा. मुलांना वाट पाहायला शिकवावं का, यावर तो बोलला. यंत्रांमुळे धीर कमी होतो का, यावरही. आणि पाचवा प्रश्न आला.

"फार मोठा काळ वाट पाहणं कधी वाया जातं का?"

मिस्त्री बोलू लागला. "ते कशाची वाट पाहतो त्यावर अवलंबून आहे. वस्तूची असेल तर बहुधा वाया जातं, कारण ती येईपर्यंत तिची गरजच संपते. माणसाची वाट पाहणं वेगळं. वस्तूची वाट पाहताना आपण तेच राहतो. माणसाची वाट पाहताना मात्र—"

"धन्यवाद," परीक्षक म्हणाले. "परीक्षा इथे संपली."

मिस्त्री अर्ध्या वाक्यावर बाहेर आला आणि बाकड्यावर मटकन बसला. पाचच प्रश्न! पहिल्या वेळी सात झाले होते. आणि शेवटचं तर पुरं करूच दिलं नाही. बाईंना फोन लावला, "बाई, गेलं सगळं. मधेच तोडलं मला."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो, वेळ संपला की तोडावंच लागतं त्यांना! पूर्वी तुमचं बोलणं संपायचं आणि वेळ उरायचा. आज वेळ संपला आणि बोलणं उरलं. जा, पेढे नाही तर जिलबी, काय हवं ते खा!"

पाचव्या दिवशी निकाल आला. साडेसहा. मिस्त्रीने तो तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. साडेसहाच होते. तो एकटाच स्वयंपाकघरात हसत उभा राहिला, मग बायकोला फोन लावला. एरवी फोन तीच करायची.

ती किंचाळली, रडली, लेकीला हाक मारून पुन्हा किंचाळली. मग म्हणाली, "अहो पण एवढं विचारलं तरी काय?" त्याने पाचही प्रश्न सांगितले, उत्तरं सांगितली, आणि शेवटच्या प्रश्नाला मधेच कसं तोडलं तेही सांगितलं.

"मग पुढे काय म्हणणार होतात?"

"म्हणणार होतो," मिस्त्री म्हणाला, "माणसाची वाट पाहताना आपण बहुधा बदलतो. कारण सगळं त्याच्या मापाने करायला लागतो. तू होतीस तेव्हा घरात तुझाच आवाज असायचा, मी फक्त ऐकायचो, आणि मला वाटायचं मी गप्प माणूस आहे. तू गेल्यावर कळलं, मी गप्प नव्हतो, निवांत होतो. दोन्हींत फरक आहे. सकाळी दोन कप काढतो, एक परत ठेवतो. दोन वर्षांत ही सवय गेली नाही, आणि कदाचित मीच ती जाऊ दिली नाही. ही वाट वाया गेली का, तर इतरांचं मला ठाऊक नाही, त्यांच्याबद्दल मी अंदाजानेच बोलेन. माझी नाही गेली. हे मी पक्कं सांगतो."

मिस्त्रीला वाटलं फोन कटला.

"अगं, ऐकतेस ना?"

"हो," ती म्हणाली. फक्त एवढंच.